🥺 : विनवणी, जिव्हाळा की भीड?

"नोट्स दे ना" आणि "नोट्स दे ना 🥺" या दोन मेसेजमध्ये मागणी एकच आहे. माणसं तीच, नोट्स त्याच. तरी दुसरा मेसेज वाचताना काहीतरी वेगळं वाटतं. कुणाला गोड वाटतं, कुणाला हसू येतं, तर कुणाच्या कपाळाला आठी पडते. हे "काहीतरी" नेमकं काय आहे आणि ते अभ्यासायचं कसं, हे या लेखात बघू. संशोधनाकडे वळणाऱ्यांसाठी हे उदाहरण मला फार आवडतं. रोजच्या डोळ्यांसमोरच्या गोष्टीला मोजता येईल असा प्रश्न कसा करायचा, हे त्यातून नीट दिसतं.

आधी चित्राबद्दल. हा इमोजी 2018 साली युनिकोड 11.0 मध्ये आला. त्याचा क्रमांक U+1F97A आणि प्रचलित इंग्रजी नाव "प्लीडिंग फेस", म्हणजे विनवणी करणारा चेहरा. मराठीत मी त्याला सरळ "केविलवाणा चेहरा" म्हणेन. मोठे पाणीदार डोळे, आतल्या टोकाला वर उचललेल्या भुवया आणि खाली वळलेलं बारीकसं तोंड, एवढंच त्यात आहे. प्रत्येक कंपनी हे चित्र थोडं वेगळं काढते, पण या तीन गोष्टी बहुतेक सगळीकडे असतात.

यातली खरी कामाची गोष्ट आहे भुवयांची. पॉल एकमन आणि वॉलेस फ्रीसन यांनी 1978 मध्ये चेहऱ्याच्या हालचालींची एक सांकेतिक यादी तयार केली. त्या यादीत भुवईचं आतलं टोक वर जाणं ही पहिल्या क्रमांकाची हालचाल आहे आणि दुःखी चेहऱ्यात ती हमखास दिसते. कुत्र्यांमध्येही अशीच हालचाल असते. 2019 मध्ये ज्युलिआन कामिन्स्की आणि सहकाऱ्यांनी कुत्रा आणि लांडगा यांच्या चेहऱ्याचे स्नायू तपासले. आतली भुवई वर उचलणारा स्नायू कुत्र्यांमध्ये ठळक होता, लांडग्यांमध्ये त्याचे जेमतेम काही तंतू होते. त्याआधी 2013 मध्ये ब्रिजेट वॉलर यांच्या गटाला असं आढळलं होतं की निवाराघरातली जी कुत्री ही हालचाल जास्त वेळा करतात, त्यांना नवं घर लवकर मिळतं.

दुसरी गोष्ट डोळ्यांची. कोनराड लोरेन्झ यांनी 1943 मध्येच मांडलं होतं की मोठं कपाळ, मोठे डोळे आणि लहान तोंड ही बाळाची ठेवण पाहिली की मोठ्यांच्या मनात सांभाळण्याची ओढ जागी होते. म्हणजे या इमोजीत दोन गोष्टी एकत्र आल्या आहेत. भुवया "मी दुःखात आहे" म्हणतात आणि डोळे "मी लहान आहे, मला सांभाळ" म्हणतात. पण त्या चित्रात "मला अमुक हवंय" असं कुठेच लिहिलेलं नाही. मागणी येते ती शब्दांतून. म्हणून एकट्या चित्राकडे बघत बसलं तर त्याचा अर्थ हाती लागत नाही.

अर्थ कुठून येतो?

भाषाशास्त्रज्ञ लॉरेन गॉन आणि ग्रेचेन मॅक्युलॉक यांनी 2019 मध्ये इमोजींची तुलना हावभावांशी केली. हात हलवला तर त्याचा अर्थ "ये" होतो की "जा" होतो, हे सोबतच्या बोलण्यावर ठरतं. इमोजीचंही तसंच. मराठीपुरतं मी याला अजून एक तुलना जोडेन, ती आपल्या "ना" या छोट्या शब्दाची. "दे ना" मध्ये तो आर्जव करतो, "आलास ना शेवटी" मध्ये आनंद दाखवतो आणि "सांगितलं होतं ना मी" मध्ये चिमटा काढतो. तो कोणत्या वाक्याला चिकटलाय, त्यावर सगळं अवलंबून. केविलवाणा चेहरा लेखी गप्पांमध्ये थोडाफार हेच काम करतो.

हे एका उदाहरणातून बघू. उदाहरण रचलेलं आहे, पण प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांना ओळखीचं वाटेल. पहिल्या वर्षाची एक विद्यार्थिनी पेशी वाढवते. पेशी ज्या द्रावात वाढतात तो मीडिया साधारण दोन-तीन दिवसांनी बदलावा लागतो. तिला रविवारी गावी जायचंय. शुक्रवारी रात्री ती सीनिअरला मेसेज टाकते:

"ताई, रविवारी माझ्या सेल्सचा मीडिया बदलशील का? 🥺"

ही विनवणी आहे. वाक्य प्रश्नार्थक आहे, काम समोरच्यानं करायचंय, आणि 🥺 त्या मागणीला लागून आलाय. समजा, ताई "हो" म्हणाली आणि तिनं रविवारी काम झाल्यावर प्लेटचा फोटो पाठवला. त्यावर उत्तर आलं:

"ताई तू किती करतेस माझ्यासाठी 🥺"

इमोजी तोच, पण आता मागणं काहीच नाही. मिळालेल्या गोष्टीवर तो आलाय, आणि त्याचा अर्थ "गहिवरून आलं" असा होतो. हा जिव्हाळा. आता उलट शक्यता धरू. शुक्रवारी ताई लिहिते, "अगं, रविवारी घरी पाहुणे आहेत, जमेल असं वाटत नाही." त्यावर मेसेज येतो:

"ठीक आहे 🥺"

इथे शब्द म्हणतात की विषय संपला आणि चेहरा म्हणतो की संपलेला नाही. शब्दांनी नकार मान्य केलाय, पण त्याची किंमत ताईच्या माथी मारलीय. यालाच आपण बोलताना इमोशनल ब्लॅकमेल म्हणतो. विद्यार्थिनीला कदाचित फक्त "वाईट वाटलं" एवढंच सांगायचं असेल. पण ताईला आता पाहुण्यांसमोर बसूनही सेल्स आठवणार.

तीनही ठिकाणी चित्र एकच होतं. बदलली ती जागा: मागणीवर, मिळाल्यावर आणि नकारावर. माझ्या मते या इमोजीबद्दल लक्षात ठेवण्याजोगी मुख्य गोष्ट हीच आहे. अर्थाचे अर्धे धागे आधीच्या मेसेजमध्ये असतात.

भीड नावाची गोष्ट

विनवणी वाईट नसते. मदत मागायला काहीतरी गोडवा लागतोच. मग हा चेहरा कधी खटकतो? यासाठी पेनलोप ब्राउन आणि स्टीफन लेव्हिन्सन यांची सभ्यतेची मांडणी उपयोगी पडते. 1978 मध्ये ती प्रथम आली आणि 1987 मध्ये पुस्तकरूपात. ते म्हणतात, कुठल्याही मागणीचं ओझं तीन गोष्टींनी बनतं: दोघांमधलं अंतर, दोघांमधला अधिकाराचा फरक, आणि त्या समाजात ती मागणी किती मोठी समजली जाते. ओझं जितकं जास्त, तितकी माणसं शब्द जपून वापरतात आणि समोरच्याला "नाही" म्हणायला वाट ठेवतात.

केविलवाणा चेहरा इथे दुधारी ठरतो. तो मागणाऱ्याला लहान करतो, म्हणून वरवर पाहता तो नम्रपणा वाटतो. पण त्याच वेळी तो नकाराची वाट अरुंद करतो, कारण समोर रडवेलं तोंड असताना "नाही" म्हणणारा निष्ठुर ठरतो. "जमेल का? नाही जमलं तरी चालेल" हे वाक्य दार उघडं ठेवतं. "जमेल का? 🥺" हे दार अर्धं लोटून घेतं.

आपल्याकडे यासाठी नेमका शब्द आहे: भीड. भिडेखातर केलेलं काम म्हणजे मनातून नको असताना, तोंड मोडवत नाही म्हणून केलेलं काम. भीड ही भिकेची बहीण, असं म्हणतात ते त्यामुळेच. या इमोजीनं भीड पडते का, हा प्रश्न विचारला की बरीच कोडी सुटतात. पेनची मागणी असेल तर भीड पडण्याइतकं ओझंच नाही, तिथे 🥺 म्हणजे नुसता लाडिकपणा. रविवारचा अर्धा दिवस मागितला की ओझं खरं असतं, आणि मग तोच चेहरा वजनदार होतो.

अधिकाराची दिशाही बघायला हवी. विद्यार्थ्यानं गाइडला "सर, ड्राफ्ट बघितलात का 🥺" असं लिहिलं तर दोन अडचणी होतात. एक तर कामाच्या आठवणीला लडिवाळपणाचा सूर लागतो. दुसरं म्हणजे, "तुम्ही बघितला नाहीत म्हणून मी असा बसलोय" हा आरोप त्यात डोकावतो. 2018 मध्ये एला ग्लिकसन आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात अनोळखी व्यक्तीनं कामाच्या ई-मेलमध्ये हसरा चेहरा वापरला, तेव्हा वाचणाऱ्यांना ती अधिक आपुलकीची वाटली नाही, उलट कामात कमी सक्षम वाटली. तो प्रयोग हसऱ्या चेहऱ्याचा होता, केविलवाण्याचा नाही. त्याचा निष्कर्ष जसाच्या तसा इथे लावता येणार नाही. पण ओळख नसलेल्या ठिकाणी चेहऱ्यांनी आपलं काम सोपं होतं हे गृहीत धरू नये, एवढं त्यातून नक्की कळतं.

उलटी दिशा जास्त अवघड आहे. गाइडनं शनिवारी रात्री लिहिलं, "उद्या सकाळपर्यंत ग्राफ पाठवशील का 🥺" तर दिसायला ती विनंती आहे. पण विद्यार्थी नकार देऊ शकत नाही. मग हा चेहरा हुकमावर घातलेलं विनंतीचं पांघरूण होतो. सरळ "उद्या सकाळी नऊपर्यंत ग्राफ हवेत" असा मेसेज आला असता तर तो निदान काय आहे हे तरी कळलं असतं. आता विद्यार्थ्याला काम तर करायचंच, वर ते स्वखुशीनं केल्यासारखं दाखवायचं.

मग असं करणाऱ्याचा फायदा होत नाही का? होतो, थोडा काळ. रॉय बाउमाइस्टर, आर्लीन स्टिलवेल आणि टॉड हेदरटन यांनी 1994 च्या लेखात अपराधीपणाकडे दोन माणसांमधला व्यवहार म्हणून बघितलं. त्यांचं म्हणणं असं की समोरच्याला अपराधी वाटायला लावणं हे ज्याच्याकडे अधिकार नाही त्याचंही हत्यार होऊ शकतं, आणि ते जवळच्या नात्यात चालतं, कारण तिथे समोरच्याला आपली पर्वा असते. पण काम झाल्यावर त्या माणसाच्या मनात अढी राहू शकते. ताईनं पाहुणे सोडून मीडिया बदलला, तर सेल्स जगतील. पुढच्या वेळी ताईचा "सीन" होईल, उत्तर येणार नाही.

पाठवणाऱ्याला हे कळत का नाही?

कारण लिहिताना सूर आपल्या डोक्यात वाजत असतो. जस्टिन क्रूगर, निकोलस एपली आणि सहकाऱ्यांनी 2005 मध्ये याचा छान प्रयोग केला. काही जणांनी गंभीर आणि उपरोधिक वाक्यं ई-मेलनं पाठवली, काहींनी आवाजातून. वाचणारे सूर बरोबर ओळखतील असं पाठवणाऱ्यांना सुमारे 78 टक्के वेळा वाटत होतं. आवाजात ते जवळपास खरं ठरलं, 73 टक्के. ई-मेलमध्ये मात्र ओळख बरोबर आली 56 टक्के वेळा, म्हणजे नाणं उडवून मिळेल त्याहून थोडीच बरी.

तुम्ही म्हणाल, इमोजी तर सूर कळावा म्हणूनच असतात! 2016 मध्ये मिनेसोटा विद्यापीठातल्या हॅना मिलर आणि सहकाऱ्यांनी हेच तपासलं. तेव्हा आपला 🥺 जन्मालाही आला नव्हता, त्यांनी इतर चेहरे घेतले होते. तेच चित्र, त्याच कंपनीचं, दोन माणसांना दाखवलं, तरी ते चांगल्या भावनेचं आहे, वाईट की मधलं, यावर सुमारे 25 टक्के वेळा त्यांचं एकमत झालं नाही. त्या प्रयोगात चित्रं एकटीच दाखवली होती, हे लक्षात ठेवा. आपण वर बघितलं की अर्थ शेजारच्या मेसेजमध्ये असतो. मग पुढचा प्रश्न आपोआप येतो: शेजार दाखवून अभ्यास करायचा तर कसा?

हे मोजायचं कसं?

समजा, तुम्ही दोन्ही बाजूंची लेखी संमती घेऊन 🥺 असलेले 100 मागणीचे मेसेज जमवले. दोन मित्रांना प्रत्येक मेसेजवर "विनवणी" किंवा "दबाव" असा शिक्का मारायला सांगितलं, एकमेकांचं न बघता. पुढचे आकडे फक्त गणितासाठी धरलेले आहेत. 60 मेसेजना दोघांनीही "विनवणी" म्हटलं, 10 ना दोघांनीही "दबाव". उरलेल्या 30 वर मतभेद, 15 एका बाजूनं आणि 15 दुसऱ्या. एकमत 70 टक्के. ऐकायला बरं वाटतं.

पण प्रत्येकानं 100 पैकी 75 वेळा "विनवणी" म्हटलंय. डोळे मिटून शिक्के मारले असते तरी योगायोगानं किती जुळलं असतं? 0.75 × 0.75 आणि 0.25 × 0.25 यांची बेरीज, म्हणजे 0.625. जेकब कोहेन यांनी 1960 मध्ये सुचवलेला काप्पा हा आकडा वजा करून खरं एकमत सांगतो:

```
κ = (0.70 − 0.625) / (1 − 0.625) = 0.20
```

1 म्हणजे पूर्ण एकमत, 0 म्हणजे निव्वळ योगायोग. 0.20 फारच कमी आहे. अशा वेळी नवखे संशोधक मित्रांना दोष देतात, किंवा 70 टक्के एवढंच लिहून मोकळे होतात. दोन्ही चूक. हा कमी काप्पा बहुधा हे सांगतोय की एकटा मेसेज बघून दबाव ओळखताच येत नाही. मग तेच मेसेज आधीच्या आणि नंतरच्या मेसेजसकट दाखवून पुन्हा शिक्के घ्यायचे आणि काप्पा किती बदलतो ते बघायचं. हा झाला एक नीट, छोटा, करता येण्याजोगा अभ्यास.

नंतरचा मेसेज का? संभाषणाच्या अभ्यासात 1974 पासून एक धडा आहे, हार्वी सॅक्स, इमॅन्युएल शेग्लॉफ आणि गेल जेफरसन यांचा. आधीचं वाक्य समोरच्यानं कसं घेतलं, याचा सर्वात चांगला पुरावा त्याच्या पुढच्या वाक्यात असतो. 🥺 ला उत्तर म्हणून "हो" किंवा "नाही" आलं तर ती विनंती म्हणून घेतली गेली. हार्ट किंवा तोच चेहरा परत आला तर जिव्हाळा पोचला. पण उत्तरात "सॉरी अगं, खरंच जमत नाहीये, पाहुणे अचानक ठरले, मी दुसऱ्या कुणाला विचारू का" असं लांबलचक स्पष्टीकरण यायला लागलं, तर समजा भीड पडली. कुणी न विचारता माणूस स्वतःचा बचाव करतोय.

या पद्धतीला एक मोठी मर्यादा आहे, आणि ती भिडेतच आहे. ज्याला खरंच खटकलं तो बऱ्याचदा "हो गं, करते" एवढंच लिहितो. कागदावर ते सहज दिलेल्या होकारासारखं दिसतं. म्हणून नुसत्या चॅटवरून "इथे दबाव नव्हता" असा निष्कर्ष काढता येत नाही. उत्तर देणाऱ्याला नंतर वेगळं बसवून विचारावं लागतं की हो म्हणताना मनात काय होतं. मेसेजमध्ये सापडते ती भिडेची खूण. ती खूण नाही म्हणजे भीडच नव्हती, असं नाही.

राहिला रोजच्या वापराचा प्रश्न. पाठवण्याआधी एक साधी तपासणी करता येते: 🥺 पुसा आणि उरलेलं वाक्य वाचा. काय हवं, कधीपर्यंत, आणि नाही म्हटलं तर काय होईल, हे शब्दांत आहे का? "ताई, रविवारी मीडिया बदलायला अर्धा तास लागेल. नाही जमलं तर मी शनिवारी संध्याकाळी बदलून निघेन" एवढं लिहिलेलं असेल, तर शेवटी तो चेहरा राहिला काय आणि गेला काय, ताईला फारसा फरक पडत नाही. आणि नकार आल्यावर लिहिण्याच्या उत्तरात तो नकोच. तिथे "काही हरकत नाही ताई" पुरतं.